कीबोर्ड बदलला तरी मनगट दुखतंच: स्प्लिट, टेंट की लो-प्रोफाइल?

मनगट दुखतं म्हणून जरा महागातला कीबोर्ड घ्यायचा, पंधरा दिवस बरं वाटायचं, आणि मग दुखणं परत आपल्या जागी येऊन बसायचं. हे चक्र मी दोन वर्षांत तीनदा फिरलो. तिसऱ्या वेळी कळलं की कीबोर्ड वाईट नव्हता, मी चुकीच्या दुखण्यावर तो घेत होतो.

स्प्लिट म्हणजे दोन हातांसाठी मधून दुभंगलेला कीबोर्ड, टेंट म्हणजे आतली कड उचलून तंबूसारखा तिरका केलेला, आणि लो-प्रोफाइल म्हणजे पातळ कळांचा. ही एकाच औषधाची कमी-जास्त मात्रा नाही. ही तीन वेगवेगळी औषधं आहेत. टाइप करताना मनगट तीन दिशांना अवघडतं आणि यातला प्रत्येक प्रकार त्यातल्या एकाच दिशेवर काम करतो. म्हणून "कुठला चांगला?" याच्या आधी "माझं मनगट कुठल्या दिशेला वाकतंय?" हे पाहावं लागतं. ते घरबसल्या पाहता येतं.

आधी माउस तपासा

फक्त उजवं मनगट दुखत असेल आणि डावं ठणठणीत असेल, तर कीबोर्डवर पैसे घालायच्या आधी आठवडाभर माउस डाव्या हाताने वापरून पाहा. प्रोग्रामरच्या कामात डावा हात कंट्रोल, शिफ्ट, टॅब यांत अडकलेला असतो, त्यामुळे कीबोर्डचं दुखणं बऱ्याचदा दोन्हीकडे किंवा डावीकडे जास्त दिसतं. उजवीकडचं एकटं दुखणं माउसकडे बोट दाखवतं.

त्यातही एक उपप्रकार आहे. आकड्यांचा वेगळा भाग असलेला मोठा कीबोर्ड माउसला आठ-नऊ सेंटिमीटर बाहेर ढकलतो. हात सतत बाहेर फाकलेला राहतो आणि खांद्यापासून मनगटापर्यंत ताण येतो. तुमचं असं असेल तर नुसता नंबरपॅड नसलेला साधा कीबोर्ड पुरेल, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

तीन वाकणी

पहिलं वाकणं करंगळीकडे. साध्या कीबोर्डवर मधल्या ओळीत बोटं ठेवली की दोन्ही हातांच्या मध्यांमध्ये साधारण साडेअकरा सेंटिमीटर अंतर उरतं. कारण दोन कळांचं अंतर १९.०५ मिलिमीटर आणि दोन हातांच्या मध्यांत सहा कळा. पण आपली कोपरं त्याहून कितीतरी दूर असतात. म्हणजे दोन्ही बाहू, कोपरापासून मनगटापर्यंतचे, बाहेरून आत तिरपे येतात, आणि बोटं मात्र कळांच्या ओळीसमोर सरळ ठेवायची असतात. हा हिशेब मनगट चुकवतं, करंगळीकडे वळून. त्यामुळे मनगटाच्या बाहेरच्या, करंगळीकडच्या कडेला दुखतं. डाव्या हाताला हे जास्त जाचतं, कारण कळांच्या ओळी जशा एकमेकींवर सरकवलेल्या आहेत तो तिरपेपणा उजव्या हाताला थोडा सोयीचा आणि डाव्याच्या उलट्या दिशेला आहे. टाइपरायटरच्या दांड्यांना जागा हवी होती, म्हणून तो सरकवला. दांड्या गेल्या, तिरपेपणा राहिला.

दुसरं वाकणं वरच्या दिशेला, म्हणजे हाताचा पंजा मनगटापासून वर उचललेला राहणं. जाड कीबोर्ड, त्याचे मागचे पाय उघडलेले आणि उंच टेबल, हे तिघं मिळून ते घडवतात. मनगटाच्या वरच्या बाजूला आणि बाहूच्या मागच्या स्नायूत ओढ लागते.

तिसरं म्हणजे हात पालथा पडणं. हात सहज लोंबकळत सोडला तर तळवा मांडीकडे असतो. टेबलावर सपाट पालथा करायचा तर बाहूतली दोन हाडं एकमेकांवरून फिरावी लागतात. हे दुखणं मनगटात कमी आणि कोपराच्या खाली, बाहूच्या वरच्या एक-तृतीयांश भागात जास्त जाणवतं.

आता जोड्या लावा. स्प्लिट पहिल्यावर, लो-प्रोफाइल दुसऱ्यावर, टेंट तिसऱ्यावर. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. उलट टेंट जरा जास्त केलं तर दुसरं वाकणं वाढतं. त्याकडे पुढे येतोच.

मोजायचं कसं

दोन फोटो लागतात आणि ते दुसऱ्या कुणी तरी काढायला हवेत. आपण स्वतः काढायला गेलो की नकळत शहाण्या मुलासारखे बसतो. बायकोला किंवा रूममेटला सांगा, मी कामात गुंतल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी न सांगता काढ. व्हिडिओ काढून त्यातली एक चौकट घेतली तर आणखी बरं.

हातावर बॉलपेनाने तीन ठिपके काढा. बाहूच्या मध्यावर एक, मनगटाच्या मध्यावर एक आणि मधल्या बोटाच्या बुंध्याशी एक. वरून काढलेल्या फोटोत हे तीन ठिपके एका रेषेत आहेत का पाहा. नसतील तर मनगटाशी पडणारा कोन म्हणजे पहिलं वाकणं. बाजूने काढलेल्या फोटोत बाहूची वरची कड आणि पंजाची वरची कड यांच्यातला कोन म्हणजे दुसरं वाकणं. फोनवरच्या फोटोवर रेषा ओढून कंपासपेटीतला कोनमापक स्क्रीनला लावला तरी चालतं. एक-दोन अंश इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

किती म्हणजे जास्त? मनगटातल्या ज्या अरुंद बोगद्यातून हाताची नस जाते तो कार्पल टनल. त्यातला दाब ३० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली ठेवायचा असेल, तर वरच्या दिशेला साधारण ३३ अंश आणि करंगळीकडे साधारण १५ अंश ही मर्यादा २००७ मधल्या एका अभ्यासात निघाली होती. आकड्यांतला फरक पाहा. बाजूला वळणं मनगटाला वर उचलण्यापेक्षा फार लवकर जड जातं. मात्र ही मर्यादा नसेवरच्या दाबाची आहे. स्नायूंच्या दोरीसारख्या टोकांना, म्हणजे कंडरांना, त्याच्या आतही त्रास होऊ शकतो, कारण त्यांना दिवसाचे आठ तास तसंच राहावं लागतं. त्यामुळे मी स्वतःसाठी बाजूला पाच-सात आणि वर पंधरा हे लक्ष्य धरलं.

पालथेपणा फोटोत मोजणं कठीण. त्याची चाचणी वेगळी. कोपर टेबलावर टेकवून तळवा हळूहळू पालथा करत न्या. अगदी सपाट करताना शेवटच्या टप्प्यात कोपराखाली ओढ किंवा ओळखीचं दुखणं जागं होत असेल आणि थोडं उताणं केल्यावर जात असेल, तर टेंटचा उपयोग होईल. काहीच फरक पडत नसेल तर टेंटवर पैसे घालू नका.

माझं काय झालं

माझी दोन्ही मनगटं करंगळीकडच्या बाजूने दुखायची, डावं जास्त. जाड मेकॅनिकल कीबोर्ड, मागचे पाय उघडे, टेबल पंच्याहत्तर सेंटिमीटर उंच. खुर्चीत बसल्यावर माझं कोपर जमिनीपासून सदुसष्ट सेंटिमीटरवर येतं. म्हणजे टेबलच कोपरापेक्षा आठ सेंटिमीटर वर, आणि त्यावर कीबोर्डची जाडी वेगळी.

कुणीतरी म्हणालं, पातळ कीबोर्ड घे, मनगट खाली राहतं. घेतला. नेमकी तेव्हाच दिवाळी होती, दहा दिवस गावी गेलो. परत आलो तर दुखणं गायब. चार जणांना त्या कीबोर्डची शिफारसही करून बसलो. नोव्हेंबरअखेर रिलीजचं काम लागलं आणि डाव्या मनगटाची बाहेरची कड पहिल्यासारखी ठणकायला लागली. बरं केलं होतं ते सुट्टीने.

फोटो मी तेव्हा पहिल्यांदा काढले. जुना कीबोर्ड काढून त्याच्यावरही मोजलं. वरचं वाकणं जुन्यावर २२ अंश होतं, पातळ कीबोर्डवर १२. म्हणजे कीबोर्डने आपलं काम चोख केलं होतं. पण करंगळीकडचं वाकणं डाव्या हाताला १७ अंश, उजव्याला ११, आणि दोन्ही कीबोर्डवर तेवढंच. कळा पातळ झाल्याने हात एकमेकांपासून दूर थोडेच जाणार?

मग दोन तुकड्यांचा स्प्लिट घेतला. दोन्ही भाग खांद्याइतके दूर ठेवले. डावीकडचा कोन ५ अंशांवर आला. पहिला आठवडा चाचपडण्यात गेला, तिसऱ्या आठवड्यापासून कडेचं दुखणं उतरायला लागलं आणि महिन्याभरात ते विसरायलाही झालं. इथे थांबायला हवं होतं.

पण त्या कीबोर्डला टेंटचे पाय होते, आणि पाय आहेत म्हटल्यावर ते उघडायलाच हवेत असं मला वाटलं. मी ते तीस अंशांवर लावले. दोन महिन्यांनी मनगटाच्या वरच्या बाजूला नवीनच ओढ सुरू झाली. पुन्हा फोटो. वरचं वाकणं २४ अंश, म्हणजे अगदी पहिल्या जाड कीबोर्डपेक्षाही वाईट. कारण साधं आहे. सोळा सेंटिमीटर रुंदीचा अर्धा भाग तीस अंश उभा केला की आतली कड आठ सेंटिमीटर वर जाते. तर्जनीच्या कळा सहा सेंटिमीटर उचलल्या जातात. माझं टेबल आधीच उंच होतं. मनगट टेबलावर टेकलेलं आणि बोटं ढगात, असा प्रकार.

टेंट दहा अंशांवर आणलं, आतली कड पावणेतीन सेंटिमीटरवर उतरली. खुर्ची सहा सेंटिमीटर वर घेतली, पाय लोंबायला लागले म्हणून खाली घरातला जुना लाकडी पाट ठेवला. वरचं वाकणं १३ अंशांवर आलं. ज्या पाटावर आजी जेवायला बसायची, त्याने माझं मनगट वाचवलं. बाजारातला फूटरेस्टही हेच करतो, जरा जास्त पैशांत.

विकत घेण्याआधीची चाचणी

स्प्लिटचा अंदाज घेण्यासाठी स्प्लिट विकत घ्यायची गरज नाही. नंबरपॅड नसलेले दोन छोटे, स्वस्त किंवा उसने कीबोर्ड एकाच कॉम्प्युटरला जोडा. डावा हात डाव्या कीबोर्डच्या डाव्या अर्ध्या भागावर, उजवा हात उजव्या कीबोर्डच्या उजव्या अर्ध्या भागावर. एकोणतीस सेंटिमीटर लांबीचे दोन छोटे कीबोर्ड शेजारी ठेवले तर हातांचे मध्य जवळपास चाळीस सेंटिमीटर दूर जातात, म्हणजे बाहू जवळपास सरळ होतात. मोठे नंबरपॅडवाले घेतलेत तर अंतर पन्नासच्या वर जाईल आणि गरुडासारखं पंख पसरून बसावं लागेल, ते नको.

विंडोज आणि लिनक्सवर एका कीबोर्डची शिफ्ट आणि दुसऱ्याचं अक्षर आपोआप जुळतं. मॅकवर ते जुळत नाही, त्यासाठी कॅराबिनर-एलिमेंट्स हा मोफत प्रोग्राम लावावा लागतो.

चार-पाच दिवस असं काम करा. विचित्र दिसतं, पण करंगळीकडची कड शांत होत असेल तर उत्तर मिळालं. टेंट तपासायचं असेल तर याच दोन कीबोर्डच्या आतल्या कडांखाली पुस्तकं ठेवा. एकोणतीस सेंटिमीटरच्या कीबोर्डची कड साडेसात सेंटिमीटर उचलली की पंधरा अंश होतात. जाडजूड शब्दकोश इथे कामी येतो, फक्त कीबोर्ड घसरू नये म्हणून खाली रबरी जाळी घाला.

लो-प्रोफाइलची चाचणी तर फुकट आहे. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. मग पुढच्या, तुमच्याकडच्या कडेखाली एक सेंटिमीटर जाडीचं काहीतरी ठेवा. बारा सेंटिमीटर खोलीच्या कीबोर्डला यातून सुमारे पाच अंशांचा उलटा उतार मिळतो, म्हणजे कळा तुमच्यापासून दूर जाताना खाली उतरतात. एवढ्याने वरची ओढ गेली तर नवीन कीबोर्डची गरजच नाही. ते मागचे पाय मुळात का देतात हे मला अजून उमगलेलं नाही. ज्यांना कळा पाहून टाइप करायचं असतं त्यांना अक्षरं नीट दिसावीत, एवढाच त्यांचा उपयोग.

आता कुठला घ्यायचा

करंगळीकडचं वाकणं बारा-पंधराच्या वर आणि बाकी ठीक असेल, तर स्प्लिट. त्यातही दोन जाती. एक अखंड, मधून दुभंगलेला आणि घुमटासारखा, १९९४ च्या मायक्रोसॉफ्ट नॅचरल कीबोर्डच्या घराण्यातला. लॉजिटेकचा अर्गो के८६० हा त्याच घराण्यातला. दुसरा पूर्ण दोन तुकड्यांचा, कायनेसिस फ्रीस्टाइल २ सारखा. दोन तुकड्यांचा दिसायला भारी असला तरी बहुतेकांना आधी अखंड वापरून पाहायला मी सांगेन. हात-मनगटांचा त्रास असलेल्या ऐंशी जणांवर सहा महिने चार कीबोर्ड पडताळणारा एक प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दुखणं सुधारलेलं दिसलं ते याच अखंड जातीच्या कीबोर्डवर. शिवाय कळांची जागा ओळखीची राहते, थोडा टेंट आयता मिळतो आणि तुकडे रोज उठून थोडे थोडे सरकत नाहीत. फक्त खांदे रुंद असतील तर अखंड कमी पडतो. वरून फोटो काढून कोन दहाच्या खाली येत नसेल, तर दोन तुकडे घ्या.

वरचं वाकणं हाच मुख्य दोष असेल आणि पाय मिटवून भागत नसेल, तर लो-प्रोफाइल. नेहमीच्या मेकॅनिकल कळेचा प्रवास चार मिलिमीटर असतो. काइल चॉक जातीच्या पातळ कळेचा तीन. प्रवासातला फरक छोटा वाटतो, पण कळ, टोपी आणि खोकं मिळून बोटांची उंची एक-दीड सेंटिमीटरने उतरते. मनगट टेबलावर टेकवणाऱ्याला हा फरक सात-आठ अंशांचा पडू शकतो. जाड कीबोर्डसमोर मनगटाची उंच उशी ठेवूनही असाच परिणाम साधतो, पण उशीवर तळव्याचा भरीव भाग टेकवायचा, मनगटाचा खोलगट भाग नाही. नस तिथूनच जाते.

पातळ कळांची एक अडचण कुणी सांगत नाही. जोरात टाइप करणाऱ्यांची बोटं त्यावर तळाला आपटतात. माझा एक सहकारी कळा बडवतो, त्याला मनगट सोडून बोटांच्या सांध्यांत दुखायला लागलं. त्याला शेवटी जाड कीबोर्ड, मऊ कळा आणि उलटा उतार हेच मानवलं.

कोपराखालची ओढ असेल आणि पालथ्या हाताची चाचणी ती जागी करत असेल, तरच टेंट. दहा-पंधरा अंशांपासून सुरुवात करा. बरेच लोक एकदम उंच टेंट लावतात, मग पंजा उतारावरून बाहेर घसरतो आणि सगळा भार करंगळीकडच्या तळव्याच्या कडेवर येतो. त्या कडेतून करंगळीची नस जाते. टेंट लावल्यावर करंगळी बधिर व्हायला लागली तर कोन कमी करा किंवा तळव्याखाली टेंटइतकाच तिरका आधार द्या. आणि टेंट घ्यायचाच असेल तर तो पातळ कळांच्या स्प्लिटवर घ्या. टेंटने वाढलेली उंची पातळ कळा थोडी परत देतात. माझी गोची इथेच झाली होती, स्प्लिट घेतला तो जाड कळांचा.

एकापेक्षा जास्त वाकणी एकाच वेळी निघाली तर सगळं एकदम बदलू नका. आधी खुर्ची-टेबल, कारण ते फुकट आहे. मग बाजूचं वाकणं. टेंट शेवटी. प्रत्येक बदलाला तीन-चार आठवडे द्या. नवीन कीबोर्डवर पहिल्या पंधरवड्यात आपण हळू टाइप करतो, त्यामुळे बरं वाटतंच. त्या पंधरवड्यावर विश्वास ठेवू नका. माझी दिवाळी आठवा.

करंगळी आणि कंट्रोल

कोन सुधारला तरी डाव्या मनगटाची कड अधूनमधून दुखत असेल, तर कंट्रोल दाबताना स्वतःचा हात पाहा. करंगळी कोपऱ्यात पोचवण्यासाठी अख्खा पंजा बाहेर वळतो. हे वाकणं टाइप करतानाच्या फोटोत सापडत नाही, शॉर्टकट दाबतानाच्या सापडतं. कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. लिनक्सवर ग्नोम वापरणाऱ्यांसाठी:

```
gsettings set org.gnome.desktop.input-sources xkb-options "['ctrl:nocaps']"
```

ही आज्ञा आधीची यादी पुसून नवी लिहिते. मराठी-इंग्रजी लेआउट बदलायची कळ तुम्ही याच यादीत ठेवली असेल तर तीही कंसात जोडा, नाहीतर ती गायब होईल आणि तुम्ही दिवसभर शोधत बसाल. विंडोजवर पॉवरटॉइजमधून आणि मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमधून हेच करता येतं.

काही स्प्लिटमध्ये कंट्रोल, स्पेस, एंटर सगळं अंगठ्यांकडे दिलेलं असतं. कल्पना उत्तम, पण अंगठ्याला दोन कळांपलीकडे ताणून काम द्यायला लागलात तर अंगठ्याच्या बुंध्याशी दुखणं सुरू होतं. मधल्या दोन कळांवर रोजचं काम ठेवा, लांबच्या कळांवर क्वचित लागणारं.

मराठीत टाइप करत असाल तर

बेचाळीस कळांचा कॉर्नसारखा छोटा स्प्लिट घ्यायचा मोह होतो. देखणा आहे, स्वस्तात स्वतः सोल्डर करून बनवता येतो. पण इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी आधी विचार करावा. इन्स्क्रिप्टमध्ये "ड" हा पी या कळेच्या उजवीकडच्या चौकटी कंसाच्या कळेवर आहे, आणि कॉर्नच्या मूळ मांडणीत त्या जागी बॅकस्पेस असतो. "ज्ञ", "त्र", "क्ष", "श्र" हे शिफ्टसोबत आकड्यांच्या ओळीवर आहेत, आणि ती ओळ कॉर्नवर नाहीच. अंगठ्याने लेयरची कळ, म्हणजे बाकीच्या कळांना दुसरी अक्षरं देणारी कळ, धरून हे सगळं येतं, पण "लक्षात" लिहायला अंगठा, शिफ्ट आणि बोट असा तिघांचा कारभार. दिवसभर मराठी लिहिणाऱ्याने आकड्यांची ओळ असलेला, निदान साठ-सत्तर कळांचा स्प्लिट घ्यावा.

आणखी एक. बी ही कळ बहुतेक स्प्लिटमध्ये डाव्या भागात जाते. इन्स्क्रिप्टमध्ये तिथे "व" आहे. उजव्या तर्जनीने "व" दाबायची सवय असेल तर पहिले दहा दिवस हात पोकळीत पडेल. दोन कीबोर्डच्या चाचणीत ही सवय उघडी पडत नाही, कारण तिथे बी उजव्या कीबोर्डवरही असते.

कीबोर्डने जाणार नाही असं दुखणं

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, वस्तू हातातून सुटत असतील, तर ती कार्पल टनलची लक्षणं आहेत. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर दोष बऱ्याचदा मनगटात नसून कोपरात असतो. खुर्चीच्या कडक हातावर कोपर टेकवून बसणाऱ्यांना हे सर्रास होतं, आणि त्यावर कुठलाही स्प्लिट चालत नाही. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वळवल्यावर अंगठ्याच्या बाजूने तीव्र कळ येत असेल तर तेही वेगळं प्रकरण. या तिन्हीत कीबोर्डच्या खरेदीआधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. ते गरज वाटल्यास नसेची वहन चाचणी सांगतील. जाताना ते दोन फोटो घेऊन जा. माझ्या फिजिओथेरपिस्टने माझं सगळं रामायण ऐकण्याआधी फोटो पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "हे टेबल किती उंच आहे हो?"